‘तोशीस लागू देणार नाही’: पुण्यातला भाडेकरार, इंडेम्निटीचं कलम आणि भाडेकरूचा विमा

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विम्याच्या दाव्यांची कागदपत्रं लावून देणं हे माझं रोजचं काम. भाड्याच्या घरांबाबत येणारे बहुतेक फोन पाण्याचे असतात. वॉशिंग मशीनचा पाईप निसटला, गीझरची जोडणी गळली, टेरेसवरची टाकी भरून वाहिली, आणि खालच्या फ्लॅटच्या छतावर पिवळा डाग उमटला. फोन करणारा जवळपास दर वेळी म्हणतो, ‘आमचा विमा आहे हो.’ विमा असतोच, पण तो त्याच्या स्वतःच्या सामानाचा असतो आणि पैसे मागत असतात घरमालक आणि खालचे शेजारी. या पानावरची जवळजवळ सगळी उत्तरं या एका गोंधळाभोवती फिरतात.

माझ्या करारात ‘इंडेम्निटी’ कुठेच दिसत नाही. म्हणजे ते कलम नाही का?

बहुधा आहे, वेगळ्या शब्दांत. जुन्या धाटणीच्या मराठी दस्तात ‘लिहून घेणार यांना कोणत्याही प्रकारची तोशीस लागू देणार नाही’ असं वाक्य असतं. तीच इंडेम्निटी. इंग्रजी मसुद्यात ती शेवटच्या पानांवर, सोसायटीचे नियम आणि पाळीव प्राण्यांच्या आसपास सापडते. एक नेहमी दिसणारा नमुना असा:

‘सदर मिळकतीच्या वापराच्या काळात कोणत्याही कारणाने मिळकतीस, त्यातील वस्तूंस अथवा त्रयस्थ व्यक्तीस झालेल्या नुकसानीची संपूर्ण जबाबदारी लायसेन्सी यांची राहील व त्याबाबत लायसेन्सर यांना तोशीस लागू देणार नाही.’

यातला लायसेन्सी म्हणजे भाडेकरू आणि लायसेन्सर म्हणजे घरमालक. ‘कोणत्याही कारणाने’ या दोन शब्दांवर पेन्सिलने खूण करा. भिंतीच्या आतला वीस वर्षांचा जुना पाईप फुटला तरी या वाक्यानुसार जबाबदारी तुमच्याकडे बोट दाखवते.

कायद्यात इंडेम्निटी म्हणजे नेमकं काय? साध्या भरपाईपेक्षा वेगळं काय आहे त्यात?

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२४ मध्ये व्याख्या आहे: वचन देणाऱ्याच्या स्वतःच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या वागण्यामुळे समोरच्याला होणाऱ्या नुकसानीपासून त्याला वाचवण्याचं वचन. ‘दुसऱ्या कोणाच्या’ हे शब्द नजरेतून सुटू देऊ नका. करारात लिहून दिलं असेल, तर तुमची चूक नसतानाही तुम्ही बांधले जाऊ शकता.

कलम १२५ त्याच्या पुढे जातं. घरमालकावर त्या विषयात दावा झाला, तर भरपाईच्या रकमेसोबत त्याला झालेला कोर्टाचा खर्च आणि शहाणपणाने केलेल्या तडजोडीची रक्कमही तो तुमच्याकडे मागू शकतो. म्हणून खालच्या मजल्यावरचे काका वकिलाची नोटीस घरमालकाला पाठवतात आणि ती नोटीस दोन दिवसांत व्हॉट्सअॅपवर तुमच्याकडे येते.

आमचा तर ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स आहे. त्यालाही हे लागू होतं?

होतं. कायद्याच्या भाषेत लीज आणि लायसन्स वेगळे आहेत, पण इंडेम्निटी हे करारातलं वचन आहे आणि ते दोन्हीत सारखंच चालतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते.

तुमच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो क्रम. एजंट बायोमेट्रिक मशीन घेऊन घरी येतो आणि अंगठा उमटवून पाच मिनिटांत निघतो. मसुदा त्याच्या आदल्या दिवशी मागून घ्या. नोंदणीनंतर एक शब्द बदलायचा म्हटला तरी दोघांना पुन्हा पुरवणी दस्ताच्या मागे लागावं लागतं, आणि त्यासाठी कोणी वेळ काढत नाही.

घरमालकाने इमारतीचा विमा काढलेला आहे. मग मला काळजी कसली?

तो विमा घरमालकाचा आहे. त्यात तुमची गादी, तुमचा लॅपटॉप, तुमची भांडी येत नाहीत. हे बहुतेकांना माहीत असतं. त्या पुढची गोष्ट मात्र फार थोड्यांना माहीत असते. विमा कंपनी घरमालकाला पैसे देते तेव्हा ती त्याच्या जागी उभी राहते आणि नुकसान ज्याच्यामुळे झालं त्याच्याकडून ती रक्कम वसूल करू शकते. याला सब्रोगेशन म्हणतात. घरमालक समाधानी होऊन विषय सोडून देतो, आणि काही महिन्यांनी विमा कंपनीच्या वकिलाचं पत्र तुमच्या नव्या पत्त्यावर येतं.

यावर उपाय आहे. घरमालकाच्या जागी उभ्या राहिलेल्या कंपनीला घरमालकापेक्षा जास्त हक्क मिळत नाहीत. नुकसान होण्याआधीच करारात लिहिलं असेल की ‘घरमालकाच्या विम्यातून जी नुकसानभरपाई मिळेल तेवढ्यापुरती भाडेकरूकडे मागणी करणार नाही’, तर कंपनीकडेही ती मागणी उरत नाही. असं लिहिल्याचं घरमालकाने आपल्या विमा कंपनीला कळवावं, म्हणजे त्याच्या दाव्याच्या वेळी वाद होणार नाही. एवढं एक वाक्य घालून घ्यायला मी प्रत्येकाला सांगते. त्यात घरमालकाचं काही जात नाही. त्याचे पैसे त्याला विम्यातून मिळतातच.

माझ्या कंटेंट्स, म्हणजे घरसामानाच्या पॉलिसीत नेमकं काय येतं?

१ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आली. विमा नियामकाने तिचा मजकूर ठरवून दिला आहे, त्यामुळे कंपनी कुठलीही असली तरी गाभा तोच. भाडेकरूला इमारतीचा भाग सोडून फक्त घरसामानाचा भाग घेता येतो. त्यात आग, स्फोट, वीज कोसळणं, भूकंप, वादळ, पूर, दंगल यांबरोबर पाण्याच्या टाक्या, उपकरणं आणि पाईप फुटणं किंवा भरून वाहणं हेही येतं. पुण्यातल्या भाडेकरूला सगळ्यात जास्त वेळा लागणारी ओळ हीच.

न येणाऱ्या गोष्टीही वाचून घ्या. महिनोन्‌महिने झिरपत राहिलेली ओल म्हणजे पाईप फुटणं नव्हे. फ्रिजमध्ये शॉर्टसर्किट झालं तर त्या फ्रिजचे पैसे मिळत नाहीत. पण त्यातून आग पसरून सोफा जळला, तर सोफ्याचे मिळतात. रोख रक्कम, कागदपत्रं आणि वाहनं मूळ पॉलिसीत धरलेली नसतात. सोनं आणि इतर मौल्यवान वस्तूंचा भाग वेगळा घ्यावा लागतो. आणि चोरी! मूळ पॉलिसीतली चोरी म्हणजे आग किंवा पूर अशा घटनेनंतर सात दिवसांत झालेली चोरी. दिवाळीत गावाला गेल्यावर झालेल्या घरफोडीसाठी बर्गलरीचं वेगळं कलम हवं. त्यातही बहुतेक पॉलिसी कुलूप तोडल्याची किंवा जबरदस्तीने शिरल्याची खूण मागतात.

ही पॉलिसी घरमालकाच्या नुकसानीचे किंवा शेजाऱ्यांचे पैसे देते का?

नाही. सगळं गाडं इथेच अडतं.

एक उदाहरण पूर्ण मांडते. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, पण वाटणी अशीच होते. कर्वेनगरला तिसऱ्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट, डिपॉझिट ७५,०००. जोडपं शनिवारी वाईला गेलं. वॉशिंग मशीनला पाणी देणारा नळ चालूच राहिला आणि रात्री दाब वाढल्यावर नळीचं टोक निसटलं. बाल्कनीच्या जाळीत लिंट आणि एक मोजा अडकलेला, त्यामुळे पाणी बाहेर न जाता बेडरूममध्ये वळलं. रविवारी सकाळी वॉचमनला जिन्यावरून पाणी उतरताना दिसलं.

भाडेकरूचं स्वतःचं नुकसान: गादी १४,०००, जमिनीवर चार्जिंगला ठेवलेला लॅपटॉप ५२,०००, खालच्या कप्प्यातली पुस्तकं वगैरे ६,०००. एकूण ७२,०००.

घरमालकाचं: बेडरूमची लाकडी लॅमिनेट फरशी फुगली ती ६५,०००, भिंतीतल्या वॉर्डरोबचा तळ २०,०००. एकूण ८५,०००.

खालच्या फ्लॅटचं: पीओपी छत आणि रंग ४८,०००, टीव्ही ३२,०००. एकूण ८०,०००.

सगळं मिळून २,३७,००० रुपये. कंटेंट्स पॉलिसी बघते फक्त पहिल्या ७२,००० कडे. उरलेले १,६५,००० इंडेम्निटीच्या कलमाखाली येतात. घरमालक डिपॉझिट ठेवून घेतो आणि आणखी ९०,००० मागतो. ‘विमा आहे’ असं खात्रीने सांगणाऱ्या माणसाची ही अवस्था होते.

मग शेजाऱ्यांच्या ८०,००० साठी काय घ्यायला हवं?

पब्लिक लायबिलिटी, म्हणजे त्रयस्थांप्रती कायदेशीर जबाबदारीचं कलम. हाउसहोल्डर पॅकेज पॉलिसीत ते एक स्वतंत्र भाग म्हणून मिळतं. काही कंपन्या जोडकलम म्हणून देतात. नळ चालू ठेवून गावाला जाणं हा निष्काळजीपणा धरला जाईल, म्हणून वरच्या उदाहरणात शेजाऱ्यांचा दावा या भागातून जाऊ शकतो. टीव्ही जुना असेल तर सर्वेअर, म्हणजे विमा कंपनीतर्फे नुकसान तपासणारा माणूस, त्याचं वय धरून रक्कम कमी करेल, आणि तेवढ्या फरकावरून शेजाऱ्यांशी बोलणी राहतीलच.

या भागाची एक अट आपल्या स्वभावाच्या अगदी उलट जाते. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही आणि पैसे द्यायचं कबूल करायचं नाही. खालच्या काकू दारात उभ्या असतात, त्यांच्या हॉलमध्ये बादल्या लावलेल्या असतात आणि आपण म्हणून जातो, ‘काकू, सगळं आम्ही भरून देतो, काळजी करू नका.’ ते माणुसकीचं आहे, पण दावा अडकवायला तेवढं पुरतं. पाणी पुसायला जरूर जा, फोटो काढून द्या, आणि सांगा, ‘विमा कंपनीला आजच कळवलंय, त्यांचा सर्वेअर येऊन बघेल.’

आणि घरमालकाची फरशी? तीही त्याच कलमात येते ना?

बहुतेक पॉलिसींमध्ये नाही, आणि या पानावरचा सगळ्यात खर्चिक धोका हाच आहे. लायबिलिटीच्या कलमात एक वगळणी असते: विमाधारकाच्या ‘ताब्यात, देखरेखीत किंवा नियंत्रणात’ असलेल्या मालमत्तेचं नुकसान. भाड्याचा फ्लॅट तुमच्याच ताब्यात असतो, त्यामुळे खालचा टीव्ही बसतो आणि तुमच्या पायाखालची फरशी वगळली जाते. वरच्या उदाहरणात लायबिलिटी घेऊनही ८५,००० उरतात ते यामुळे.

एजंटला एकच प्रश्न ईमेलवर विचारा: ‘भाडेकरू म्हणून घरमालकाच्या इमारतीप्रती माझी कायदेशीर जबाबदारी या पॉलिसीत धरली आहे का, आणि कुठल्या कलमात?’ इंग्रजी मजकुरात हे टेनंट्स लायबिलिटी किंवा टेनंट्स लीगल लायबिलिटी या नावाने येतं. कलमाचा क्रमांक न देता नुसतं ‘हो सर, सगळं कव्हर आहे’ असं उत्तर आलं, तर ते नाही असं समजा. हे कलम मिळत नसेल, तर घरमालकाच्या विम्याबद्दलचं वर सांगितलेलं वाक्य करारात घालून घेणं हाच खरा आधार.

करारात मी जे कबूल केलंय ते सगळं विमा भरून देईल?

नाही. लायबिलिटी पॉलिसी कायद्याने तुमच्यावर येणारी जबाबदारी उचलते. केवळ करारामुळे अंगावर घेतलेली, एरवी आलीच नसती अशी जबाबदारी ती सहसा वगळते.

भिंतीतला जुना पाईप फुटून खालचं छत पडलं असं धरा. कायद्याच्या नजरेत तुमचा निष्काळजीपणा नाही, पण ‘कोणत्याही कारणाने’ या शब्दांमुळे घरमालक तुमच्याकडे बोट दाखवतो. विमा कंपनी म्हणते, ‘हे तुम्ही करारात स्वतःहून पत्करलंत.’ म्हणजे कलम जितकं रुंद, तितका विम्याबाहेर राहणारा भाग मोठा. म्हणून हप्ता वाढवण्याआधी कलम छोटं करा.

छोटं म्हणजे कसं? शब्द सुचवाल का?

मी असा मजकूर सुचवते:

‘लायसेन्सी, त्यांच्या कुटुंबातील व्यक्ती, पाहुणे किंवा त्यांनी बोलावलेले कामगार यांच्या निष्काळजीपणामुळे मिळकतीचे किंवा त्रयस्थ व्यक्तीचे प्रत्यक्ष नुकसान झाल्यास लायसेन्सी ते भरून देतील. वाजवी झीज, नैसर्गिक आपत्ती, इमारतीच्या बांधकामातील, भिंतीतील नळ व वायरिंगमधील दोष आणि सोसायटीच्या सामाईक टाक्या व वाहिन्या यांमुळे झालेल्या नुकसानीस लायसेन्सी जबाबदार नसतील. लायसेन्सर यांना त्यांच्या विम्यातून जी नुकसानभरपाई मिळेल, तेवढ्या रकमेची मागणी लायसेन्सी यांच्याकडे करता येणार नाही.’

घरमालक अडून बसले तर बाकीचं सोडा, पण ‘कोणत्याही कारणाने’च्या जागी ‘निष्काळजीपणामुळे’ एवढं तरी बदलून घ्या. घरमालकांनाही मी हेच सांगते: ज्याच्या हातात भिंतीतला पाईप बदलायचा अधिकार नाही, त्याच्यावर त्या पाईपची हमी टाकली तर पैसे वसूल होत नाहीत, नुसते तंटे वाढतात.

पाणी नेमकं कुठून आलं यावरच भांडण झालं तर?

तेच होतं, म्हणून पहिल्या तासाला महत्त्व आहे. नळ बंद करा, मेन स्विच पाडा आणि पुसायला सुरुवात करण्याआधी व्हिडिओ घ्या: निसटलेलं नळीचं टोक, नळाची स्थिती, पाण्याची पातळी, जाळी. त्यानंतर प्लंबरला बोलवा आणि त्याच्याकडून बिलावर कारण लिहून घ्या. ‘रिपेअर चार्जेस’ एवढंच लिहिलेलं बिल काही सिद्ध करत नाही; ‘मशीनची इनलेट नळी निसटलेली’ किंवा ‘भिंतीतील जीआय पाईप गंजून फुटलेला’ असं लिहिलेलं बिल वाद मिटवतं.

स्वतःलाही खूण कळते. मशीन आणि गीझर बंद करून त्यांचे नळ पिळून घट्ट केल्यावर गळती थांबली, तर दोष जोडणीत. तरीही भिंतीचा ओलावा वाढत राहिला, तर दोष आतल्या पाईपात किंवा वरच्या बाथरूममध्ये. गळती सोसायटीची टाकी भरण्याच्या वेळेशी जुळत असेल, तर टाकीच्या ओव्हरफ्लोकडे बघा.

निसटलेली नळी फेकू नका. सर्वेअरला ती बघायची असते.

पुराचं काय? आम्ही नदीजवळ राहतो.

जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं, सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याने दक्षिण पुण्यात धुमाकूळ घातला. दोन्ही वेळी तळमजले आणि पार्किंग सगळ्यात आधी गेले. घरसामानाच्या पॉलिसीत पूर येतो, पण पार्किंगमधली दुचाकी आणि कार येत नाहीत. त्यांना मोटार पॉलिसीतला ओन डॅमेजचा भाग लागतो, नुसती थर्ड पार्टी पुरत नाही. पुराने खराब झालेल्या घराची दुरुस्ती भाडेकरूने करायची का, हा प्रश्न ‘नैसर्गिक आपत्ती’ हे दोन शब्द करारात असले की उद्भवतच नाही.

किती रकमेचा विमा घ्यावा?

सामान आज नवं घ्यायला किती लागेल, तेवढ्याचा. खोलीखोलीतून फिरत मोबाईलवर व्हिडिओ करा, कपाटं उघडून. मग यादी करा. स्वयंपाकघर आणि कपडे लोक हमखास कमी धरतात.

भारत गृह रक्षामध्ये कमी रकमेचा विमा घेतला म्हणून दाव्यात प्रमाणशीर कपात होत नाही. मात्र घेतलेल्या रकमेपेक्षा जास्त पैसे मिळत नाहीत. इतर पॅकेज पॉलिसींमध्ये अॅव्हरेजची, म्हणजे अशा प्रमाणशीर कपातीची, अट असू शकते. ती असेल, तर ६ लाखांच्या सामानाचा ३ लाखांचा विमा काढल्यावर १ लाखाच्या नुकसानीचे ५०,००० हातात पडतात.

घरमालकाने दिलेलं फर्निचर, एसी, गीझर माझ्या पॉलिसीत टाकू का?

आपोआप येईल असं धरू नका. ते तुमच्या मालकीचं नाही. घरमालकाच्या पॉलिसीत त्याच्या सामानाचा भाग असेल, तर तिथेच राहू द्या. नसेल आणि करारात जबाबदारी तुमच्यावर असेल, तर ‘घरमालकाच्या मालकीच्या, माझ्या ताब्यातील वस्तू’ अशी वेगळी यादी प्रस्तावातच देऊन कंपनीची लेखी मान्यता घ्या. कराराला जोडलेली वस्तूंची यादी नीट भरा: एसीचं मॉडेल, सोफ्यावरचा आधीचा डाग, वॉर्डरोबचा सुटलेला बिजागर. सोडून जाताना यावरच डिपॉझिट ठरतं.

घर राहण्याजोगं नसेल तर दुसरीकडचं भाडं मिळतं का?

पर्यायी निवासाच्या भाड्याची तरतूद सहसा इमारतीच्या भागाला जोडलेली असते. फक्त कंटेंट्स घेताना ती मिळते का, आणि मिळत असल्यास पूर्ण भाडं की जुन्या-नव्या भाड्यातला फरक, हे विकत घेण्याआधी लेखी विचारा. मूळ घराचं भाडं त्या काळात थांबेल, असं करारातही लिहून घ्या. नाहीतर दोन्हीकडे भरत बसाल.

११ महिन्यांनी घर बदललं. पॉलिसी चालू राहील?

पॉलिसी पत्त्याला बांधलेली असते. टेम्पोत सामान चढायच्या आधी कंपनीला नवा पत्ता, मजला आणि ताबा मिळण्याची तारीख कळवा आणि एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीतला बदल मान्य केल्याचा कंपनीचा कागद, हातात घ्या. कोथरूडच्या पत्त्याची पॉलिसी बावधनच्या फ्लॅटमधल्या ओल्या गादीचे पैसे देत नाही. जुन्या घराची चावी परत देताना घरमालकांकडून ‘मिळकत सुस्थितीत मिळाली, कोणतीही मागणी शिल्लक नाही’ अशी दोन ओळींची सही घ्या आणि तो कागद जपून ठेवा. सब्रोगेशनचं पत्र नव्या पत्त्यावर आलंच, तर वकील पहिल्यांदा तोच मागेल.